पिशवीचा धडा बंदापासून

कापडी पिशवी मधोमध फाटल्याचं क्वचितच पाहायला मिळतं. तळही सहसा टिकतो. जाते ती बंदापाशी. भाजी, नारळ, दोन किलो साखर असं ओझं चढलं की बंद जिथे पिशवीच्या तोंडाला जोडलेला असतो तिथला एखादा टाका सुटतो, मग शेजारचा, आणि उरलेली सगळी पिशवी धडधाकट असताना ती कपाटाच्या तळाशी जाते. कारण साधं आहे. पिशवीतला माल तळावर आणि बाजूंवर पसरून बसतो; पण उचलताना ते सगळं वजन बंदांच्या चार टोकांवर येतं, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या चार जागांवर. पाच किलोचं ओझं दोन्ही बंद धरून उचललं तर प्रत्येक टोकाला सव्वा किलो येतं. घाईत एकच बंद धरला तर अडीच किलो. त्यात जिना उतरतानाचे हिसके वेगळेच.

शाळेच्या कार्यशाळेत आठवी-नववीच्या मुलांना हाताने पिशवी शिवायला शिकवायची असेल, तर पाठाचं नियोजन या चार जागांपासून सुरू करावं लागतं. बहुतेक वर्गांत नेमकं उलटं होतं. पहिल्या तासाला बाजू शिवायला घेतात, कारण ते सोपं वाटतं. मग तोंडाची दुमड. बंद राहतात शेवटच्या तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी, जेव्हा मुलं कंटाळलेली असतात, घंटा होत आलेली असते आणि पिशवी आधीच गोल झाल्यामुळे सुई एका थरातून काढताना मागचा थरही नकळत शिवला जातो. सगळ्यात जास्त भार सोसणारा भाग सगळ्यात घाईने होतो. इथे मांडलेला आराखडा हा क्रम बदलतो: आधी बंद, मग बंदांची जोडणी, आणि पिशवीला पिशवीचा आकार अगदी शेवटी. तोवर सारं काम टेबलावर सपाट पसरलेल्या कापडावर चालतं. दोन्ही बाजू दिसतात, आणि चूक झाली तर ती मुलालाही दिसते, शिक्षकांनाही.

आराखडा आठवीच्या चाळीस मुलामुलींचा धरला आहे. आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका, म्हणजे सुमारे सत्तर मिनिटं, असे सहा आठवडे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत आणि काही शाळांना हे काम त्यात एका दमात उरकावंसं वाटतं. ते टाळलेलं बरं. सवय नसलेली बोटं तास-सव्वा तासानंतर दुखू लागतात, टाके लांबतात, आणि दुपारी शिवलेलं सकाळच्या शिवणीपेक्षा वाईट निघतं. आठवड्याच्या अंतरात बोटांना विश्रांती मिळते आणि मागे पडलेल्या मुलाला घरी भरपाई करता येते.

कापडाची निवड शिक्षकांनी स्वतः करायची. दुकानात ‘पिशवीचं कापड’ म्हणून बहुधा जाडजूड कॅनव्हास पुढे येतो. यंत्रावर तो उत्तम शिवला जातो. हाताने मात्र त्याचे सहा-सात थर तेरा वर्षांच्या मुलाला भेदता येत नाहीत. नेहमीचा पातळ मांजरपाट दुसऱ्या टोकाला चुकतो, तो बंदांजवळ लवकर विरतो. हवं असतं मधलं, साध्या विणीचं सुती कापड: जाडसर मांजरपाट, दसुती किंवा जाड खादी, चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम वजनाचं. दुकानदाराला हा आकडा माहीत नसला तरी अडत नाही. ११२ सेंटिमीटर पन्ह्याचं एक मीटर कापड तराजूवर ठेवलं की ते सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी ग्रॅम भरलं पाहिजे. दुसरी चाचणी त्याहून सोपी. खिशात एक सुई न्यायची, कापडाच्या कोपऱ्याची सहापदरी घडी करायची आणि सुई टोचून पाहायची. अंगठ्याच्या जोराने ती पार गेली तर कापड चालेल. दातांनी ओढावी लागेल असं वाटलं तर ठाण परत गुंडाळायला सांगायचं.

मापं अशी ठरवली आहेत की पन्ह्यातलं जवळजवळ काही वाया जाऊ नये. तयार पिशवी ३५ सेंटिमीटर रुंद आणि ३८ सेंटिमीटर उंच. तिला तळाशी शिवणच नाही, एकच लांब तुकडा मधोमध दुमडायचा. त्या तुकड्याची रुंदी ३८, म्हणजे ३५ आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर माया. लांबी ८४: दोन्ही अंगांची उंची मिळून ७६, आणि दोन्ही तोंडांच्या दुमडीसाठी चार-चार. बंदासाठी आठ सेंटिमीटर रुंद पट्टी लागते, एका पिशवीला दोन. आता ८४ सेंटिमीटर लांबीचं कापड पसरून पाहिलं तर त्याच्या पन्ह्यात ३८चे दोन तुकडे आणि आठच्या चार पट्ट्या शेजारी शेजारी बसतात. बेरीज १०८. म्हणजे दोन मुलांच्या दोन पिशव्या आणि चारही बंद एकाच तुकड्यातून निघतात. शिवाय सगळे बंद कापडाच्या उभ्या धाग्यात येतात, जो आडव्यापेक्षा कमी ताणतो.

चाळीस मुलांसाठी हिशोब १६ मीटर ८० सेंटिमीटरचा होतो. प्रत्यक्षात वीस मीटर घ्यायचं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, शंभराला चार-पाच सेंटिमीटर सहज. म्हणून ते आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून, वाळवून मगच मोजायचं. ही पायरी गाळली तर पिशवी पहिल्या धुण्यात आटते, पण दोरा आटत नाही, आणि सगळ्या शिवणी सैल पडून लोंबतात. बाकी उरलेलं कापड नमुन्यांसाठी आणि एखाद-दुसऱ्या बिघडलेल्या तुकड्यासाठी.

कापायला शक्यतो कात्री लावायचीच नाही. साध्या विणीचं सुती कापड कडेला छोटी चीर देऊन फाडलं की ते धाग्यावरच फाटतं, अगदी सरळ. कापडवाले वर्षानुवर्षं तसंच करतात. कात्रीने तिरका गेलेला तुकडा दिसायला ठीक वाटतो, पण धुतल्यावर पिशवी एका अंगाला पीळ घेते आणि मग ती कशीही घडी घातली तरी सरळ बसत नाही. हे फाडण्याचं काम मुलांकडून करवून घ्यावं. टर्रकन आवाज होतो, सगळ्यांना ते करायचं असतं, आणि उभा-आडवा धागा म्हणजे काय हे त्या एका आवाजात कळतं. चौऱ्याऐंशीच्या पट्टीतून बंदाचे ६६ सेंटिमीटर काढले की आठ बाय अठराचा तुकडा उरतो. प्रत्येकाला असे दोन मिळतात. पहिल्या आठवड्याचं सरावाचं कापड तेच.

पहिल्या आठवड्यात पिशवीला कोणी हात लावत नाही. सुईच्या नेढ्यात दोरा ओवायचा, गाठ मारायची आणि दोन प्रकारचे टाके शिकायचे, एवढंच. दोरा तिरपा कापला तर पटकन ओवला जातो. लांबी बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, फार तर त्याहून वीतभर. पुन्हा ओवायला नको म्हणून मुलं हातभर-दोन हात दोरा घेतात आणि मग अर्धा वेळ गुंता सोडवण्यात घालवतात. ‘बाई, दोरा अडकला’ ही हाक बहुतेक वेळा लांबीमुळे येते. मशीनचा दोरा असेल तर तो दुहेरी वापरायचा. गोधडीचा जाड दोरा मिळाला तर एकेरीही पुरतो.

दोन टाक्यांपैकी पहिला धावदोरा. सुई खाली-वर, खाली-वर करत पुढे जाते, टाका आणि रिकामी जागा आलटून-पालटून दिसतात. घरातली गोधडी याच टाक्याने उभी राहिलेली असते, आणि ती टिकते कारण तिच्यात अशा कित्येक ओळी एकमेकींशेजारी असतात. कोणत्याही एका टाक्यावर मोठा भार येत नाही. पिशवीच्या बंदापाशी तसं नाही. तिथे हातटीप लागते. सुई एक टाका पुढे वर काढायची आणि मागे, आधीचा टाका जिथे संपला त्याच भोकात, खाली घालायची. सुलट बाजूला सलग रेघ दिसते, उलट बाजूला एकमेकांवर चढलेले दुप्पट लांबीचे टाके. हातटिपेचा फायदा असा की दोरा प्रत्येक ठिकाणी स्वतःला धरून ठेवतो. धावदोऱ्यातला एक टाका तुटला की ओळ सरकत उसवते. हातटिपेतला तुटला तर त्याचे शेजारी जागेवर राहतात. मुलांना हे सांगण्यापेक्षा दाखवावं. सरावाच्या कापडावर दोन्ही ओळी शिवून झाल्या की प्रत्येकीतला मधला एक टाका कात्रीने तोडायचा आणि दोन्ही बाजूंनी कापड ओढायचं.

सराव मोजता यावा म्हणून आधी पेन्सिलीने बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ मारायची. दोन तुकडे एकावर एक ठेवून त्या रेघेवर हातटीप घालायची आणि मग रेघ पुन्हा मोजायची. साडेनऊ भरली तर दोरा जास्त ओढला गेला आहे, कापड चुण्या घेतं आहे. दहा भरूनही टाक्याखाली सुईचं टोक घालून दोरा उचलता येत असेल तर ओढ कमी पडली. टाक्याची लांबी चार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दहा सेंटिमीटरमध्ये पंचवीसेक टाके. इथे हुशार मुलांची एक चूक होते. त्यांना वाटतं, टाके जितके बारीक तितकी शिवण पक्की. दीड-दोन मिलिमीटरवर सुई टोचत गेलं तर कापडातच भोकांची ओळ तयार होते आणि भार पडला की टपाल तिकिटांच्या कडेसारखं ते त्या ओळीवर फाटतं. दोरा मात्र शाबूत राहतो.

डावखुऱ्या मुलांचा विचार पहिल्याच दिवशी करावा लागतो. हातटीप उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे चालते, डाव्या हाताने डावीकडून उजवीकडे. शिक्षक उजवे असतील तर उजव्या मुलाने त्यांच्या शेजारी बसून पाहायचं आणि डावखुऱ्याने समोर बसून. समोरून दिसणारी हालचाल त्याला जशीच्या तशी करता येते. एवढी साधी व्यवस्था नसल्यामुळे अनेक डावखुरी मुलं पहिल्या तासातच ‘मला शिवण जमत नाही’ असं ठरवून मोकळी होतात, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो.

सुयांचा हिशोब हाही पाठाचाच भाग. चाळीस सुया बाहेर आल्या, चाळीस आत गेल्या पाहिजेत. प्रत्येक चौघांच्या गटाला जाड कापडाची एक गादी, तिच्यावर चार खुणा, चार सुया. काम थांबलं की सुई गादीत. तोंडात नाही, शर्टाला नाही, बाकावर नाही. तासाची शेवटची पाच मिनिटं मोजणीसाठी राखायची आणि सुई सापडेपर्यंत त्या गटाने उठायचं नाही. वर्गात एक जोरदार लोहचुंबक असेल तर शोध लवकर संपतो.

चाळीस मुलं आणि सत्तर मिनिटं म्हणजे एका मुलाच्या वाट्याला शिक्षकांची पावणेदोन मिनिटं येतात. हातात अर्धवट काम घेऊन टेबलाभोवती उभी राहिलेली रांग हा शिवणाच्या तासाचा खरा शत्रू. यावर उत्तम उपाय म्हणजे पायऱ्यांचा फळा. शिक्षकांनी आधी स्वतः शिवून ठेवलेले सहा नमुने त्यावर टाचलेले असतात: दुमडलेली पट्टी, अर्धा शिवलेला बंद, दुमडीत अडकवलेलं टोक, वगैरे. प्रत्येक नमुना त्या पायरीवर थांबलेला. अडलेल्या मुलाने आधी फळ्यापाशी जाऊन नमुना उलटसुलट करून पाहायचा, मग गटातल्यांना विचारायचं, आणि तरीही कोडं सुटलं नाही तर शिक्षकांकडे यायचं. नमुना हाताळता येतो, त्याची मागची बाजू पाहता येते. पाठ्यपुस्तकातल्या चित्राला ते जमत नाही.

ही कल्पना जुनी आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नांनी १८६६ साली लोकशाळांत हस्तकाम सक्तीचं झालं, आणि पुढे स्वीडनमधल्या नेस इथे ओटो सालोमोन यांनी जगभरच्या शिक्षकांना या पद्धतीचं प्रशिक्षण दिलं. त्यांच्या पद्धतीत वापरायच्या वस्तूंची एक क्रमवार मालिका असे, सोप्यापासून अवघडाकडे, आणि पुढची वस्तू मागच्यापेक्षा थोडीशीच अवघड. पिशवीच्या सहा आठवड्यांनाही तोच नियम लावला आहे. एका आठवड्यात एकच नवी अडचण.

दुसऱ्या आठवड्याची अडचण म्हणजे थर. आठ सेंटिमीटरची पट्टी लांबीत मधोमध दुमडून खूण करायची, उघडायची, दोन्ही कडा त्या खुणेपर्यंत आत आणायच्या आणि पुन्हा दुमडायची. दोन सेंटिमीटर रुंदीचा चौपदरी बंद तयार होतो, सुटे धागे सगळे आत. इस्त्री नसेल तर स्टीलच्या पट्टीच्या कडेने घडी घासली तरी बसते. उघड्या कडेच्या आतून धावदोरा घालायचा. इथे तो चालतो, कारण ओझ्याची ओढ बंदाच्या लांबीत जाते, शिवणीला आडवी येत नाही. एक बंद वर्गात, दुसरा घरी. चार थरांत सुई एका वेळी एकच टाका घेते, तेव्हा मधल्या बोटावर अंगुस्तान चढवायची सवय याच आठवड्यात लावावी. अंगुस्तान पुरेसे नसतील तर बोटाला चिकटपट्टीचे दोन-तीन वेढेही पुरतात.

तिसरा आणि चौथा आठवडा हा सगळ्या आराखड्याचा गाभा. एका आठवड्यात पिशवीचं एक तोंड, पुढच्यात दुसरं. कापड सपाट पसरलेलं, उलट बाजू वर. तोंडाची कडा आधी एक सेंटिमीटर दुमडायची, मग तीन. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी आत धरून दुमडलं की मोजपट्टी पुन्हा पुन्हा लावावी लागत नाही. आता दोन्ही बाजूंच्या कच्च्या कडांपासून दहा-दहा सेंटिमीटरवर खूण करायची. बंदाची बाहेरची कड त्या खुणेवर येते, आणि दोन टोकांच्या मध्ये चौदा सेंटिमीटर मोकळी राहते. मोजायचं नेहमी कापडाच्या कडेपासून. पहिल्या बंदापासून दुसरा मोजला की चूक पुढे सरकत जाते आणि पिशवी तिरकी लोंबते.

बंदाचं टोक दुमडीच्या खालच्या ओठातून अडीच सेंटिमीटर आत सरकवायचं. या वेळी बंद खाली, तळाकडे लोंबत असतो. तो कुठे पिळला गेला नाही ना, हे इथेच पाहायचं. एका टोकाने सरळ आणि दुसऱ्याने उलटा अडकवलेला बंद हा या पायरीवरचा नेहमीचा घोटाळा. मग दुमडीची खालची कड पूर्ण रुंदीभर शिवायची. मधल्या जागी तिरकी हातशिलाई पुरते, आठ-आठ मिलिमीटरवर. बंद आला की हातटीप सुरू, दोन सेंटिमीटर, सगळ्या थरांतून पार, आणि तीच ओळ परत मागे.

यानंतर बंद वर उचलायचा, दुमडीवरून पिशवीच्या तोंडाकडे वळवायचा आणि तोंडाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर खाली पुन्हा हातटिपेने शिवायचा. बंदाच्या दोन्ही उभ्या कडाही हातटिपेने जोडल्या की एक छोटा चौकोन होतो. टोक दुमडीत दडलेलं, सुटा धागा कुठेही बाहेर नाही, आणि ओझं एका ओळीवर न येता चार बाजूंवर वाटलं जातं. बंदाची टोकं बाहेरून थेट लावण्यापेक्षा ही रीत मुद्दाम निवडली आहे. बाहेरून लावताना टोकाची घडी, बंदाचे थर आणि दुमड मिळून दहा-अकरा थर होतात आणि सुई मोडते. इथे वरच्या ओळीला सहा आणि खालच्या ओळीला सात थरच लागतात.

शेवट करताना दोरा तोडून दातांनी गाठ मारली की पाठ फसला. उलट बाजूला एकाच जागी दोन बारीक टाके, दुसऱ्या टाक्याचा फास पूर्ण ओढण्याआधी सुई त्यातून दोनदा काढायची, आणि दोरा तोडण्यापूर्वी थरांच्या आतून दोन सेंटिमीटर फिरवून बाहेर आणायचा. नुसती गाठ दोन-तीन धुण्यांत सुटते.

या आठवड्यांत मागे पडणारी मुलं ओळखू येतात आणि त्यांच्यात मुलगे जास्त असतील असं अनेक शिक्षक गृहीत धरतात. गावोगावच्या बाजारात मशीनवर बसलेले शिंपी बहुतेक पुरुषच असतात, तरी शाळेतलं शिवण मुलींचं, हा समज टिकून आहे. मागे पडण्याचं कारण बहुतेकदा इतकंच असतं की मुलींच्या हातात घरी कधीतरी सुई आलेली असते. पहिला आठवडा नीट सरावाचा केला तर चौथ्या आठवड्यापर्यंत हा फरक बराच मिटलेला दिसतो.

पाचव्या आठवड्यात तुकडा पहिल्यांदा दुमडून पिशवीसारखा होतो. बाजूची शिवण दोनदा घालायची, जिला फ्रेंच शिवण म्हणतात. आधी उलट बाजू आत आणि सुलट बाहेर ठेवून कडेपासून सहा मिलिमीटरवर धावदोरा. ऐकायला हे चुकीचं वाटतं आणि निम्मा वर्ग थांबून विचारतो. त्यासाठी फळ्यावर नमुना हवाच. मग बाहेर आलेले सुटे धागे काटेकोर छाटायचे, पिशवी उलटी करायची आणि सहाव्या आठवड्यात आतून, घडीपासून नऊ मिलिमीटरवर, हातटीप घालायची. सहा आणि नऊ मिळून पंधरा, म्हणजे ठेवलेली दीड सेंटिमीटर माया बरोबर संपते आणि फाडलेली कड दोन शिवणींमध्ये कायमची बंद होते. पहिली शिवण फक्त कड आत धरते म्हणून तिला धावदोरा चालतो; ओझं दुसरी सोसते. छाटणी आळसाने केली तर सुलट बाजूने शिवणीतून मिशा बाहेर डोकावतात आणि मग त्या उपटायच्या नाहीत, दुसरी शिवण उसवून छाटायच्या.

वेळेचा अंदाज आधी असला की गोंधळ होत नाही. ३८ सेंटिमीटर बाजूला चार मिलिमीटरचे पंचाण्णव टाके लागतात. नवशिक्या मिनिटाला तीन-चार टाके घालतो, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. दोन बाजू आणि सुयांची मोजणी धरून सत्तर मिनिटं जेमतेम पुरतात. भाराची चाचणी म्हणून त्या दिवशी न घेता पुढच्या आठवड्यातला छोटा तास घ्यावा.

चाचणीला पाण्याच्या लिटरच्या पाच भरलेल्या बाटल्या लागतात, म्हणजे पाच किलो. दोन बाकांवर एक दांडा ठेवून पिशवी दहा मिनिटं टांगायची, मग एकाच बंदाने उचलून दहा पावलं चालायचं. गुण देणं-घेणं बाजूला ठेवून जोडणी पाहायची. दोरा तुटला असेल तर तो एकेरी वापरला गेला. दोरा शाबूत पण सैल पडला असेल तर शेवट नीट बांधलेला नाही. कापडातली भोकं लांबट झाली किंवा ओळीवर फाटलं तर टाके फार बारीक. आणि चौकोनाची वरची ओळ सुटून खालची टिकली असेल तर सुई वरून सगळे थर भेदून गेलेलीच नव्हती. उलट बाजूला तिथे टाके मोजले की ते कमी भरतात. चारही दोष बाहेरून सारखेच दिसतात, ‘बंद सुटला’. कोणता आहे हे मुलाने स्वतः शोधून पिशवीच्या चिठ्ठीवर लिहायचं आणि तेवढाच भाग उसवून पुन्हा शिवायचा.

टिकाऊपणाचा हा आग्रह पर्यावरणाच्या हिशोबातूनही येतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि शाळांच्या कार्यशाळांत कापडी पिशव्या वाढल्या. पण कापूस पिकवायला, सूत काढायला, विणायला पाणी आणि ऊर्जा लागतेच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं मांडलं होतं की एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीइतका कमी परिणाम हवामानावर व्हायचा असेल तर सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरायला हवी. आठवड्यातून दोनदा बाजारात नेली तरी हे सव्वा वर्षाचं काम झालं. पाचव्या फेरीला बंद सुटलेली पिशवी त्या हिशोबात प्लॅस्टिकपेक्षा महाग पडते.

म्हणून या आराखड्यात एक तासिका महिनाभरानंतरची आहे. तोवर पिशवी घरी वापरायची, दोनदा तरी धुवायची आणि जशी असेल तशी वर्गात आणायची. प्रत्येकाने शेजाऱ्याची पिशवी उलटी करून आठ ठिकाणं तपासायची: बंदांची चार टोकं, बाजूंच्या शिवणींची वरची दोन टोकं आणि तळाचे दोन कोपरे. टाका सैल दिसला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन टाके उसवून, नवा दोरा घेऊन, जुन्या शिवणीवर दोन सेंटिमीटर चढवून हातटीप घालायची. दुरुस्तीला पाच-सात मिनिटं लागतात. ज्यांच्या पिशवीत काहीच निघालं नाही त्यांना उरलेल्या कापडाच्या पट्ट्या द्यायच्या. आत एक खिसा लावायचा असेल तर त्यासाठी पंधरा बाय अठराचा तुकडा पुरतो.